पन्नास पौंड म्हणजे तेवीस किलो नव्हेत

मुंबईहून न्यूअर्कला किंवा शिकागोला जाणाऱ्या प्रवाशाच्या ई-तिकिटावर सामानाच्या रकान्यात `2PC` असं लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा खाली बारीक टायपात `UP TO 50 POUNDS/23 KILOGRAMS` अशी ओळ असते. दोन नग, प्रत्येकी पन्नास पौंडांपर्यंत, म्हणजेच तेवीस किलोंपर्यंत, असा आपण तिचा अर्थ लावतो. मधली तिरकी रेघ आपण बरोबरच्या चिन्हासारखी वाचतो. पण पन्नास पौंड म्हणजे २२.६८ किलो, आणि तेवीस किलो म्हणजे ५०.७ पौंड. विमान कंपनीने एकच मर्यादा दोन मापांत लिहिलेली नाही. तिने जवळजवळ सारख्या अशा दोन मर्यादा शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

फरक आहे ३२० ग्रॅमचा. म्हणजे गोडा मसाल्याचं पाव किलोचं एक पाकीट आणि वर थोडं काही. एरवी या फरकाकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. पण आपल्याकडची माणसं परदेशी जाताना बॅग अगदी मर्यादेला टेकवून भरतात, आणि मर्यादेला टेकलेल्या बॅगेच्या बाबतीत नेमका हाच फरक पैसे पडणार की नाही ते ठरवतो. मुंबईच्या काउंटरवर २२.९ किलो दाखवून निर्धास्त सुटलेली बॅग अमेरिकेतल्या काउंटरवर ५०.५ पौंड दाखवते आणि तिथे ती पन्नासच्या वर गेलेली असते. बॅगेत काही भरलं गेलेलं नसतं आणि दोन्ही काटे बरोबर असतात.

आधी पौंड म्हणजे नेमका केवढा ते पाहू, कारण इथे अंदाजाला जागा नाही. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी मिळून एक पौंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलो असं ठरवलं. त्याआधी या देशांच्या पौंडांत अगदी सूक्ष्म फरक होते. भारताने तर १९५६च्या कायद्याने दशमान पद्धतीची वाट धरली आणि शेर-रत्तल मागे टाकले. आज आपल्या विमानतळांवरचे काटे किलोत बोलतात आणि अमेरिकेतले पौंडात. व्यवहारापुरतं लक्षात ठेवायचं ते एवढंच: एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, एक किलो म्हणजे २.२ पौंडांहून किंचित जास्त.

काउंटरवर उभं राहून तोंडी हिशेब करायचा झाला, की बहुतेक जण एक सोपी रीत वापरतात. पौंडांचा आकडा निम्मा करायचा आणि जे येईल त्याचा दहावा हिस्सा वजा करायचा. पन्नासचे निम्मे पंचवीस, त्यातून अडीच गेले, उरले साडेबावीस. रीत चांगली आहे. भाजीबाजारात, व्यायामशाळेत, बाळाचं वजन सांगताना खुशाल वापरावी. पण बॅगेच्या मर्यादेपाशी ती फसवते, आणि कशी फसवते ते समजून घेण्यासारखं आहे.

समजा, काट्यावर ५१ पौंड दिसले. निम्मे साडेपंचवीस, त्यातून २.५५ वजा, उरले २२.९५. म्हणजे तेवीसच्या आत. आपण हुश्श करतो आणि काउंटरवरची बाई मात्र जादा वजनाची पावती काढू लागते. तिचं बरोबर असतं, कारण ५१ पौंड म्हणजे खरं तर २३.१३ किलो. आपल्या रीतीत पौंड ०.४५ किलोचा धरला जातो. तो असतो ०.४५३६. दर पौंडामागे साडेतीन ग्रॅमची ही तूट पन्नास पौंडांत पावणेदोनशे ग्रॅमच्या वर जाते. आणि ती नेहमी एकाच बाजूला जाते: या रीतीने काढलेलं वजन खऱ्या वजनापेक्षा कायम कमीच येतं. बॅग मर्यादेत बसते असं ही रीत आपल्याला सांगते, नेमकी ती बसत नसताना.

उलट्या दिशेची रीत जास्त भरवशाची आहे. किलोचा आकडा दुप्पट करायचा आणि त्यात त्याचा दहावा हिस्सा मिळवायचा. तेवीसचे दुप्पट सेहेचाळीस, त्यात ४.६ मिळवले की ५०.६. खरा आकडा ५०.७. चूक एका दशांश पौंडाची, म्हणजे जेमतेम पन्नास ग्रॅमची, आणि तीही सुरक्षित बाजूला, कारण मर्यादा खरी आहे त्यापेक्षा थोडी कमीच दिसते.

यातून एक साधी सवय लावून घेता येते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी तीच. बॅगेच्या वजनाचं रूपांतर करू नये, मर्यादेचं करावं. बॅगेचं वजन काउंटरवर दर वेळी नवं दिसतं, घाईत दिसतं, मागे रांग उभी असताना दिसतं. मर्यादा मात्र आदल्या रात्री घरीच ठाऊक असते. तिचं रूपांतर एकदाच, शांतपणे, कॅल्क्युलेटरवर करून दोन्ही आकडे तिकिटाच्या छापील प्रतीवर पेनाने लिहून ठेवावेत. काउंटरवर मग गणित उरत नाही. काटा ज्या मापात बोलेल त्या मापातला आकडा समोर असतो आणि नुसती तुलना करायची असते. नेहमी लागणारे आकडे फार नाहीत: हातातल्या बॅगेचे ७ किलो म्हणजे १५.४ पौंड, देशांतर्गत विमानातले १५ किलो म्हणजे ३३ पौंड, २० किलो म्हणजे ४४, ३० किलो म्हणजे ६६ आणि ३२ किलो म्हणजे ७०.५ पौंड.

आता प्रश्न येतो की ५० पौंड आणि २३ किलो या दोहोंपैकी खरी मर्यादा कोणती. व्यवहारात उत्तर काटा देतो. पौंड दाखवणाऱ्या काट्यापाशी बसलेली व्यक्ती ५० हा आकडा बघते, किलो दाखवणाऱ्या काट्यापाशी बसलेली २३ बघते. म्हणून मुंबईत किंवा दिल्लीत आपल्याला ३२० ग्रॅम जास्त मिळतात आणि अमेरिकेत निघताना तेवढेच कमी. भारतातून जाताना हे जास्तीचे ग्रॅम वापरावेत की नाहीत, हे पुढचा प्रवास कसा आहे त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत उतरल्यावर साधारणपणे पहिल्याच विमानतळावर आपलं सामान पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्यावं लागतं आणि पुढे रालेला किंवा डॅलसला जायचं असेल तर पुन्हा कंपनीच्या स्वाधीन करावं लागतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बॅगांना शेवटच्या गावापर्यंतचे टॅग मुंबईतच लागलेले असतात. कस्टमच्या दाराबाहेरच्या पट्ट्यावर त्या ठेवून द्यायच्या, पुन्हा वजन सहसा होत नाही. शिवाय, अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या अशा एका तिकिटावरच्या प्रवासात सुरुवातीला लागू झालेला सामानाचा नियम शेवटच्या टप्प्यापर्यंत तसाच लागू ठेवावा, असं तिथल्या वाहतूक खात्याचं बंधन आहे.

पण मुलाने स्वस्त पडलं म्हणून पुढच्या टप्प्याचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर चित्र बदलतं. तुम्ही त्या दुसऱ्या कंपनीच्या लेखी नवे प्रवासी असता. बॅगा पुन्हा काट्यावर चढतात, काटा पौंडांत असतो, आणि मुंबईचे २२.९ किलो तिथे ५०.५ पौंड होतात. अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्या पन्नासच्या वर आणि सत्तरच्या आत असलेल्या बॅगेला देशांतर्गत प्रवासात साधारण शंभर डॉलर आकारतात, तेही बॅगेच्या मूळ शुल्काच्या वर. अर्ध्या पौंडासाठी शंभर डॉलर म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमला शंभर डॉलर. म्हणून पुढचं तिकीट वेगळं असेल तर मुंबईतही बॅग २२.५ किलोंवर थांबवावी, आणि घरच्या काट्यावर भरवसा कमी असेल तर २२वर. बावीस किलो म्हणजे साडेअठ्ठेचाळीस पौंड. जगात कुठल्याही काट्यावर ही बॅग तेवीस किलोंच्या नियमात बसते.

घरच्या काट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मे घोटाळे घरीच होतात. हल्ली बहुतेक घरांत हाताने उचलून धरायचा, हुक किंवा पट्टा असलेला छोटा डिजिटल काटा असतो. त्यावर माप बदलायचं एक बटण असतं. बॅग उचलताना अंगठा चुकून त्यावर पडतो आणि काटा किलोतून पौंडांत जातो. आकड्याशेजारी `kg` किंवा `lb` अशी खूण दिसते, पण ती इतकी बारीक असते की चाळिशी लावल्याशिवाय वाचता येत नाही. किलोचे पौंड झाले तर बहुधा लगेच कळतं, कारण आकडा एकदम दुपटीहून मोठा होतो. खरा धोका वेगळाच आहे. यांतले बरेच काटे चीनमध्ये बनतात आणि त्यांच्यात तिसरं एक माप असतं, चीनच्या बाजारात चालणारं जिन. एक जिन म्हणजे अर्धा किलो. साडेचोवीस किलोंची बॅग जिनमध्ये ४९ दाखवते. बघणाऱ्याला वाटतं, काटा पौंडांत आहे आणि बॅग पन्नासच्या आत आहे. प्रत्यक्षात ती ५४ पौंडांची असते.

हे ओळखायचा उपाय स्वयंपाकघरात आहे. कणकेची किंवा तांदळाची पाच किलोची न फोडलेली पिशवी कापडी थैलीत घालून काट्याला लटकवावी. काटा किलोत असेल तर पाचच्या जरासा वर आकडा येईल, पौंडांत असेल तर अकराच्या जरासा वर, आणि जिनमध्ये असेल तर दहाच्या थोडा पुढे. माप कोणतं आहे ते कळतंच, शिवाय काटा किती खरा आहे तेही कळतं. पाच किलोंना ४.७ दाखवणारा काटा बॅगेच्या बाबतीतही कमीच दाखवणार. बॅग उचलताना हात स्थिर ठेवून आकडा थांबेपर्यंत धरायला हवी. तेवीस किलो एका हाताने असं धरणं वयस्कर माणसाच्या आवाक्यातलं नाही. त्यांनी माणसांचं वजन करायच्या काट्यावर आधी स्वतः उभं राहावं, मग दुसऱ्या कुणी बॅग हातात द्यावी, आणि दोन आकड्यांतला फरक घ्यावा. बॅग थेट त्या काट्यावर ठेवली तर ती आकडा झाकते आणि कडेला टेकली तर वजन चुकतं.

अमेरिकेत मुलांच्या घरी असलेल्या काही काट्यांवर आणखी एक गफलत होते. पौंडाचे सोळा औंस असतात, आणि काही काटे पौंड आणि औंस असं वेगळं दाखवतात. तिथे ५० पौंड ८ औंस म्हणजे साडेपन्नास पौंड. विमानतळावरचा काटा मात्र दशांशात दाखवतो. त्यावरचे ५०.५ म्हणजे पन्नास पौंड पाच औंस नव्हेत, पन्नास पौंड आठ औंस.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. सहा महिने न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे राहून आई-बाबा परत निघाले आहेत. दोघांच्या मिळून चार बॅगा. न्यूअर्कच्या काउंटरवर त्या एकेक करून पट्ट्यावर चढतात आणि काट्यावर आकडे उमटतात: ४८, ५३, ४६.५ आणि ५१ पौंड. काउंटरवरची मुलगी सांगते, दोन बॅगा जास्त भरतात.

बाबांचा पहिला मुद्दा असा असतो, की चार बॅगांचे मिळून दोनशे पौंड व्हायला हवेत आणि आमचे १९८.५च आहेत. बेरीज बरोबर आहे, पण इथे तिचा उपयोग नाही. तिकिटावर `2PC` आहे, म्हणजे नियम नगाचा आहे. प्रत्येक नग स्वतंत्रपणे पन्नासच्या आत हवा. दुबईला किंवा मस्कतला जाणाऱ्या बऱ्याच तिकिटांवर `30K` असं असतं. तिथे नियम एकूण वजनाचा असतो आणि एक बॅग अठराची, दुसरी बाराची असली तरी चालते. एकाच घरातली काही माणसं आखातात आणि काही अमेरिकेत असतात, आणि एकीकडचा अनुभव दुसरीकडे लावला जातो, त्यातून असे वाद काउंटरवर होतात.

आईच्या डोक्यात मात्र बॅगांतल्या वस्तूंचा नकाशा पक्का आहे. ५३ पौंडांच्या बॅगेतून तीन पौंड काढायचे आहेत. तीन पौंड म्हणजे १.३६ किलो. त्या बॅगेत घाऊक दुकानातून आणलेली बदामांची पिशवी आहे आणि तिच्यावर छापलेलं आहे `NET WT 3 LB (1.36 kg)`. अमेरिकेतल्या बहुतेक पाकिटांवर दोन्ही मापं छापलेली असतात, त्यामुळे काय काढायचं ते अंदाजाने नाही तर वाचून ठरवता येतं. ती पिशवी ४६.५च्या बॅगेत गेली की ती ४९.५ होते आणि जड बॅग बरोबर ५०वर येते. ५१ची बॅग एक पौंडाने जास्त आहे. तिच्यातली एक पौंडाची कॉफीची पिशवी, ४५४ ग्रॅमची, ४८च्या बॅगेत जाते. झाल्या ४९ आणि ५०. एकही वस्तू मुलाकडे परत द्यावी लागली नाही.

पाकिटावरचं वजन निव्वळ मालाचं असतं. पिशवीचं, बरणीचं, डब्याचं वजन त्यात धरलेलं नसतं. प्लास्टिकच्या पिशवीने फारसा फरक पडत नाही आणि जो पडतो तो आपल्या फायद्याचा, कारण काढताना थोडं जास्तच वजन निघतं. पण ज्या बॅगेत ती वस्तू घालायची तिच्यात मोकळी जागा अगदी मोजकी असेल, तर काचेच्या बरणीने गणित चुकेल.

पट्ट्यावर बॅग ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे की नाही ते पाहावं. आधीच्या प्रवाशाची बॅग पुढे सरकली नसेल, आपल्याच ट्रॉलीचं चाक पट्ट्याला टेकलं असेल किंवा कुणी हात ठेवून उभं असेल, तर शून्याच्या जागी काहीतरी आकडा असतो आणि तो आपल्या बॅगेत मिळवला जातो. उलट, बॅग बाजूच्या पत्र्याला रेलली तर वजन कमी दिसतं. त्याने हरखून जाऊ नये, कारण सरळ केल्यावर तिचं खरं वजन दिसणारच. अमेरिकेतले अनेक काटे अर्ध्या पौंडाच्या टप्प्याने आकडे दाखवतात. बॅग ५०.२ असेल तर ५० दिसतं, ५०.३ असेल तर ५०.५ दिसतं. म्हणजे मर्यादेपाशी जेमतेम पन्नास ग्रॅमने काट्यावरचा आकडा अर्ध्या पौंडाने उडी मारतो. अशा वेळी बॅग खाली घेऊन, शून्य झालं की पुन्हा नीट मध्यभागी ठेवायची विनंती करावी. शंका कायम असेल तर शेजारच्या काट्यावर वजन करून मागावं. हे काटे कायद्याने ठरावीक मुदतीने तपासून घ्यावे लागतात. आपल्याकडे वैधमापन विभाग ते तपासून शिक्का मारतो, अमेरिकेत राज्याचा किंवा काउंटीचा निरीक्षक त्यावर तपासणीचा कागद चिकटवतो. पुन्हा वजन करून मागण्यात उद्धटपणा नाही.

काट्यावर ५०.५ आले आणि तिकिटावर २३ किलो लिहिलेलं असेल, तर एक गोष्ट शांतपणे बोलून पाहावी. बऱ्याच काट्यांवर कर्मचाऱ्याला पौंडांवरून किलोवर जाता येतं. किलोत वजन दाखवाल का, असं विचारावं. साडेपन्नास पौंड म्हणजे २२.९ किलो, आणि ते तिकिटावरच्या तेवीसच्या आत आहे. कर्मचाऱ्याने ते मान्य केलंच पाहिजे असं नाही, कारण तिकिटावर पन्नास पौंडही लिहिलेले आहेत. पण दोन्ही आकडे कंपनीनेच छापलेले असल्यामुळे मागणी न्याय्य आहे. ५१ आले असतील तर मात्र बोलू नये, कारण दोन्ही मापांत बॅग जास्तच आहे.

आणि पैसे भरण्यावाचून गत्यंतर नसेल तर ते नीट वापरावेत. अमेरिकेच्या मार्गांवर जादा वजनाचे पैसे बहुतेक कंपन्या टप्प्याने घेतात, प्रत्येक पौंडामागे नाही. ५१ पौंडांच्या बॅगेला जे शुल्क तेच ६९च्या बॅगेला. म्हणून दोन बॅगा थोड्या थोड्या जास्त भरत असतील तर दोन्हींचे पैसे भरू नयेत. एका बॅगेतलं जास्तीचं काढून दुसरीत घालावं आणि फक्त तिचेच भरावेत. ही दुसरी बॅग सत्तरच्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. ३२ किलोंच्या वरचा एकच नग बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, कितीही पैसे दिले तरी. कारण तो उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचं आहे. लहान विमानांच्या पोटात उभं राहण्याइतकी उंची नसते. तिथे कामगार गुडघ्यांवर बसून एकेक बॅग हातांनी ओढतात आणि रचतात. म्हणूनच जड बॅगेला वेगळा, ठळक टॅग लावतात, की पुढच्या माणसाला हात घालण्याआधी कळावं. दोन दशकांपूर्वीपर्यंत अमेरिकेच्या प्रवाशाला प्रत्येकी सत्तर पौंडांच्या दोन बॅगा मिळायच्या. त्या काळात घेतलेल्या अवाढव्य बॅगा अजून अनेक घरांच्या माळ्यावर आहेत. त्या आता वापरू नयेत. रिकामी असतानाच अशी बॅग दहा-बारा पौंड भरते, आणि तिची मोकळी जागा भरायचा मोह आवरत नाही.

आई-बाबांचा प्रवास मुंबईत संपणार असेल तर हिशेब इथे संपला. पण त्यांना नागपूरला जायचं असेल आणि मुंबई-नागपूरचं तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर पौंडांत जुळवलेलं सगळं किलोत पुन्हा उघडतं. चार बॅगांचे १९८.५ पौंड म्हणजे ९० किलो. देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर माणशी १५ किलो, दोघांचे मिळून ३० किलो. साठ किलो जास्त, आणि आपल्याकडे जादा वजनाचे पैसे प्रत्येक किलोमागे लागतात, टप्प्याने नाही. इथे ३२० ग्रॅमची काटकसर कुठल्या कुठे वाहून जाते. मुंबई-नागपूरचा टप्पा अमेरिकेच्याच तिकिटात जोडलेला असता तर न्यूअर्कचा दोन नगांचा नियम नागपूरपर्यंत चालला असता. तसं तिकीट थोडं महाग पडलं, तरी साठ किलोंच्या दंडापुढे ते स्वस्तच असतं, म्हणून ते काढतानाच प्रत्येक टप्प्यासमोर सामानाच्या रकान्यात `2PC` आहे की `15K` ते वाचून घ्यावं. वेगळं तिकीट आधीच निघालेलं असेल, तर जादा किलो आगाऊ विकत घ्यावेत. ऑनलाइन घेतलेले किलो काउंटरवर मिळणाऱ्या किलोंपेक्षा सहसा स्वस्त पडतात, आणि ते किती घ्यायचे त्याचा आकडा न्यूअर्कलाच हातात आलेला असतो: चारही बॅगांच्या पौंडांची बेरीज करायची, २.२ने भागायचं आणि माणशी पंधरा वजा करायचे.